मुद्दा आधी, सजावट नंतर: किंमत, पुरावा की गोष्ट, हे जाहिरात घडवण्यापूर्वी कसं तपासायचं

जाहिरात चालत नाही असं दिसलं की बहुतेक टीम आधी डिझायनरकडे जातात. बटणाचा रंग बदलतो, संगीत बदलतं, मथळ्यातले शब्द मागेपुढे होतात आणि पंधरा दिवसांनी आकडे जवळपास तिथेच असतात. अशा वेळी माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: या जाहिरातीत माणसाला वस्तू घेण्याचं नेमकं कोणतं कारण दिलंय, आणि त्याऐवजी दुसरं कारण देऊन पाहिलंय का?

या कारणाला मी ‘मुद्दा’ म्हणेन आणि ते ज्या फोटोतून, व्हिडिओतून, वाक्यातून पोचतं त्याला ‘मांडणी’. किंमत, पुरावा आणि गोष्ट हे तीन मुद्दे जवळपास कुठल्याही वस्तूला लावून पाहता येतात. त्यातला कोणता चालतो हे कच्च्या जाहिरातींवर तपासायचं आणि जो टिकेल त्याच्यावरच घासूनपुसून काम करायचं, असा हा क्रम आहे. तो का योग्य आहे हे आधी आकड्यांतून पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच आकड्यांवर उभे आहेत.

मोठा फरक स्वस्तात दिसतो, छोटा फरक महाग पडतो

दोन जाहिरातींवर अगदी सारखा खर्च केला आणि एकीला a, दुसरीला b ऑर्डर आल्या, तर फरक खरा आहे की योगायोग, हे पाहण्याचं एक सोपं सूत्र आहे:

```
z = (a - b) / √(a + b)
```

उत्तर 2 च्या वर गेलं, तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता साधारण 5 टक्क्यांहून कमी असते.

आता दोन प्रसंग घ्या. पहिल्यात एक जाहिरात दुसरीच्या दुप्पट चांगली आहे: 30 ऑर्डर विरुद्ध 15. फरक 15, बेरजेचं वर्गमूळ सुमारे 6.7, उत्तर 2.2. म्हणजे एकूण 45 ऑर्डरमध्ये निकाल हाती आला. दुसऱ्यात फरक फक्त 20 टक्क्यांचा आहे. तिथे 2 पर्यंत पोचायला 264 विरुद्ध 220 ऑर्डर लागतात, म्हणजे एकूण 484. दहापटीहून जास्त.

रंग, फॉन्ट, कट किती वेगाने होतात, अशा बदलांतून येणारा फरक बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो. वस्तू घेण्याचं कारणच बदललं की पहिल्या जातीचा फरक पडण्याची शक्यता खूप जास्त असते. त्यामुळे मर्यादित बजेट असलेल्या टीमने सजावटीची चाचणी आधी घेतली, तर तिला बहुतेक वेळा काहीच ठामपणे कळत नाही, आणि जे कळल्यासारखं वाटतं तो योगायोग असतो. मुद्द्यांची चाचणी मात्र तिच्या खिशाला परवडते.

एक सावधगिरी. खरा फरक दुप्पट असला तरी आकडे प्रत्येक वेळी इतके सरळ पडत नाहीत. म्हणून प्रत्येक मुद्द्याला 15 नव्हे, साधारण 30 ऑर्डर मिळतील एवढा खर्च धरावा. आणि तीन मुद्द्यांची तुलना म्हणजे तीन जोड्या. जोड्या वाढल्या की योगायोगालाही जास्त संधी मिळते. म्हणून तिघांच्या तुलनेत मी 2 ऐवजी 2.4 हा उंबरठा धरण्याचा आग्रह धरेन.

पायरी पहिली: प्रत्येक मुद्दा एका वाक्यात लिहा

इथून पुढे एकच उदाहरण धरू: लॅपटॉप ठेवता येणारी, रोज वापरायची पाठपिशवी, ऑनलाइन विकली जाणारी. उदाहरण आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत.

कॅमेरा किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी तीन वाक्यं कागदावर हवीत.

किंमत: “दर वर्षी नवी पिशवी घेण्यापेक्षा ही एकदाच घेणं स्वस्त पडतं.”

पुरावा: “भरलेली पिशवी एका पट्ट्यावर तासन्‌तास टांगून ठेवली, शिवण उसवली नाही.”

गोष्ट: “नोकरीच्या पहिल्या दिवशी घेतलेली पिशवी, शहरं बदलली, पिशवी तीच राहिली.”

ही वाक्यं टीमच्या डोक्यातून काढण्यापेक्षा ग्राहकांच्या तोंडून घ्यावीत. रिव्ह्यू, परत आलेल्या मालाची कारणं, विक्रीपूर्वी लोक चॅटवर विचारतात ते प्रश्न, हे सगळं एका ठिकाणी जमवून वाचलं की कोणती शंका पुन्हापुन्हा येते ते दिसतं. “टिकेल ना?” हा प्रश्न सारखा येत असेल तर पुराव्याचं वाक्य तिथूनच निघतं.

किंमतीच्या मुद्द्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. किंमतीचा मुद्दा म्हणजे सवलत नव्हे. किंमतीच्या जाहिरातीत 20 टक्के सूट दिली आणि बाकी दोन जाहिरातींत दिली नाही, तर तुम्ही मुद्दा तपासत नाही, ऑफर तपासता. सूट जिंकली तर त्यात शिकण्यासारखं काही नाही आणि नफाही तेवढा कमी झालेला असतो. तिन्ही मुद्द्यांत वस्तूची किंमत, डिलिव्हरीचा खर्च, परत करण्याची मुदत अगदी सारखी हवी. किंमतीची जाहिरात त्याच रकमेकडे पाहण्याचा वेगळा कोन देते: रोजच्या वापरामागे किती पडतं, पर्यायाला एकूण किती खर्च येतो, किंवा पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उघड सांगून टाकणं.

पुराव्याच्या बाबतीत अट एकच: तो खरा असावा आणि मागितल्यावर दाखवता यावा. टांगण्याची चाचणी केलेली नसेल तर ते वाक्य लिहूच नका. आधी चाचणी करा, मध्ये कट न करता शूट करा, मूळ फुटेज जपून ठेवा.

पायरी दुसरी: प्रत्येक मुद्द्याच्या तीन कच्च्या मांडण्या

इथे बहुतेक चाचण्या बिघडतात. एका मुद्द्याची एकच जाहिरात केली आणि ती हरली, तर मुद्दा हरला की ती जाहिरात हरली? सांगता येत नाही. गोष्टीच्या व्हिडिओत निवेदकाचा आवाज कंटाळवाणा असेल तर टीम “आपल्या ग्राहकांना गोष्टी आवडत नाहीत” असा निष्कर्ष काढते, आणि तो निष्कर्ष मग वर्षभर चिकटून राहतो.

म्हणून प्रत्येक मुद्द्याच्या किमान दोन, जमल्यास तीन मांडण्या कराव्यात. त्या एकमेकींपासून खरोखर वेगळ्या हव्यात. पुराव्याच्या तीन मांडण्या अशा होऊ शकतात: टांगण्याच्या चाचणीचा व्हिडिओ, काही वर्षं वापरलेल्या पिशवीचे ग्राहकाने पाठवलेले फोटो, शिवणीचा जवळून घेतलेला फोटो आणि त्यावर वॉरंटीची मुदत. एकाच व्हिडिओला तीन वेगळे मथळे लावले तर त्या तीन मांडण्या होत नाहीत.

आता ‘कच्च्या’ या शब्दाबद्दल. कच्चं म्हणजे गचाळ नव्हे. आवाज ऐकू यावा, अक्षरं मोबाइलवर वाचता यावीत, वस्तू ओळखू यावी, एवढं पुरे. महत्त्वाचं हे की सगळ्या नऊ जाहिराती सारख्याच कच्च्या असाव्यात. टीमला मनातून गोष्टीचा मुद्दा आवडत असेल, तर नकळत त्या व्हिडिओवर दोन दिवस जास्त खर्च होतात. यासाठी वेळेची मर्यादा ठरवून द्यावी, म्हणजे प्रत्येक मांडणीला फार तर अर्धा दिवस, आणि सगळं शूटिंग एकाच फोनवर, एकाच प्रकाशात.

फॉरमॅटचीही तीच गोष्ट. गोष्ट स्वभावतः व्हिडिओ मागते आणि किंमत स्थिर चित्रात भागते. पण तसं केलं तर शेवटी व्हिडिओ विरुद्ध चित्र अशी स्पर्धा होते. प्रत्येक मुद्द्यात एक स्थिर चित्र आणि दोन छोटे व्हिडिओ, असं प्रमाण तिन्हीकडे सारखं ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

पायरी तिसरी: पैसे सारखे जातील अशी रचना

नऊ जाहिराती एकाच ॲड सेटमध्ये, म्हणजे एकच बजेट आणि एकच प्रेक्षक असलेल्या गटात, टाकून “प्लॅटफॉर्मच ठरवेल” म्हणणं सोपं असतं. पण तिथली यंत्रणा सुरुवातीच्या थोड्याशा प्रतिसादावरून एकीदोघींकडे बहुतेक बजेट वळवते आणि बाकीच्यांना जेमतेम काही लोक पाहतात. तिचं काम आज स्वस्तात निकाल मिळवणं आहे, तुम्हाला काही शिकवणं नाही. आणि वरचं सूत्र तर सारख्या खर्चावरच उभं आहे.

मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये मी पुढची रचना सुचवेन. तीन कॅम्पेन, प्रत्येक मुद्द्याचं एक. प्रत्येक कॅम्पेनमध्ये तीन ॲड सेट आणि प्रत्येक ॲड सेटमध्ये एकच जाहिरात. बजेट कॅम्पेनच्या पातळीवर न ठेवता ॲड सेटच्या पातळीवर, सगळीकडे समान. मग या तीन कॅम्पेनवर A/B test लावायची, म्हणजे एका गटातल्या माणसाला दुसऱ्या मुद्द्याची जाहिरात दिसत नाही. ऑडियन्स, जाहिरात दिसण्याच्या जागा, तारखा, सगळं सारखं.

साइटवर अलीकडे येऊन गेलेले लोक आणि जुने ग्राहक वगळा. यात आळस करू नका. जो माणूस कालच पिशवी पाहून गेला, त्याला किंमतीची जाहिरात दाखवली की तो ऑर्डर देतो, पण त्याचं मन आधीच तयार झालेलं होतं. असे लोक मिसळले की किंमतीचा मुद्दा आहे त्यापेक्षा ताकदवान दिसतो.

क्लिक केल्यावर उघडणारं लँडिंग पेज तिन्हींना एकच असावं. फार तर सगळ्यात वरचं वाक्य मुद्द्याप्रमाणे बदला, म्हणजे पुरावा पाहून आलेल्याला तोच धागा पुढे दिसेल. प्रत्येक जाहिरातीच्या लिंकला ओळख जोडा, नाहीतर ऑर्डर कुठून आली हे तुमच्या स्वतःच्या हिशेबात सापडणार नाही:

```
?utm_source=meta&utm_campaign=concept_test&utm_content=proof_b
```

किती खर्च करायचा? एका ऑर्डरमागे जाहिरातीवर जास्तीत जास्त किती परवडतं, ती रक्कम ‘एक घटक’ धरा. प्रत्येक मुद्द्याला 30 घटक, म्हणजे प्रत्येक मांडणीला 10. एकूण 90. एवढं शक्य नसेल तर मुद्दे दोनच घ्या आणि मांडण्याही दोन-दोनच, पण एका मुद्द्यामागचे 30 घटक शक्यतो कमी करू नका.

कालावधी पूर्ण आठवड्यांत मोजा, दोन आठवडे चांगले. सोमवारी सुरू करून शुक्रवारी थांबवलेल्या चाचणीत सुटीच्या दिवशी खरेदी करणारे येतच नाहीत. मध्ये बजेट किंवा जाहिरात बदलली तर यंत्रणेचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं, म्हणून हात लावू नका.

याच संदर्भात एक अडचण येईल. मेटाच्या सूचनेनुसार एक ॲड सेट शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला आठवड्याला साधारण 50 घटना, इथे ऑर्डर, लागतात. नऊ ॲड सेटमध्ये पसरलेल्या या चाचणीत तेवढ्या ऑर्डर होणार नाहीत आणि “Learning limited” असा शेरा दिसेल. त्यामुळे एका ऑर्डरमागचा खर्च नेहमीपेक्षा थोडा जास्त आणि वरखाली होणारा असेल. पण तो तोटा तिन्ही मुद्द्यांना सारखाच आहे आणि आपल्याला तुलना हवी आहे, म्हणून तो मी स्वीकारते. ऑर्डर फारच कमी येत असतील, तर खरेदीऐवजी कार्टमध्ये टाकणं किंवा चेकआउट सुरू करणं ही घटना मोजा. क्लिकपर्यंत मात्र खाली उतरू नका. का, ते पुढच्या आकड्यांत दिसेल.

पायरी चौथी: निकाल वाचणं

निकाल पाहण्याआधी ठरलेल्या नियमाची एक ओळ लिहून ठेवा: “14 दिवसांनंतर एकूण ऑर्डर, उंबरठा 2.4.” रोज आकडे उघडून ज्या दिवशी फरक मोठा दिसेल त्या दिवशी थांबलं, तर खोटा विजेता निवडण्याची शक्यता कितीतरी वाढते. चौथ्या दिवशी 6 विरुद्ध 1 असं चित्र खरं काही नसतानाही सहज दिसू शकतं.

आता पिशवीची चाचणी. प्रत्येक मुद्द्यावर 30 घटक खर्च झाले. किंमतीला 1,310 क्लिक आणि 23 ऑर्डर. पुराव्याला 1,060 क्लिक आणि 44 ऑर्डर. गोष्टीला 1,180 क्लिक आणि 17 ऑर्डर.

क्लिकवर निर्णय घेतला असता तर किंमत जिंकली असती आणि पुरावा शेवटी राहिला असता. पण शंभर क्लिकमागे पुराव्याला चारहून जास्त ऑर्डर आल्या, किंमतीला दोनहून कमी. रक्कम पाहून कुतूहलाने आत डोकावणारे बरेच होते; टिकण्याची शंका मिटल्यावर आत आलेले कमी होते, पण ते घ्यायच्या तयारीने आले होते.

सूत्र लावू. पुरावा विरुद्ध किंमत: फरक 21, 67 चं वर्गमूळ 8.2, उत्तर 2.6. उंबरठा पार. पुरावा विरुद्ध गोष्ट: फरक 27, 61 चं वर्गमूळ 7.8, उत्तर 3.5. आरामात पार. किंमत विरुद्ध गोष्ट: फरक 6, 40 चं वर्गमूळ 6.3, उत्तर 1 च्याही खाली. म्हणजे पुरावा पहिला, एवढं म्हणता येतं. किंमत दुसरी आणि गोष्ट तिसरी, असं म्हणता येत नाही. अहवालात बरेचदा असा क्रम लिहिला जातो आणि तो निराधार असतो.

खरी माहिती मांडण्यांच्या पातळीवर आहे. पुरावा: 18, 15, 11. किंमत: 10, 7, 6. गोष्ट: 11, 4, 2.

पुराव्याच्या तिन्ही मांडण्या किंमतीच्या सर्वांत चांगल्या मांडणीपेक्षा वर आहेत. मुद्दाच चालतोय याची यापेक्षा चांगली खूण नाही. त्याचबरोबर 18 विरुद्ध 11 हा फरक सूत्रात 1.3 येतो, तेव्हा टांगण्याच्या व्हिडिओला आत्ताच ‘विजेती जाहिरात’ म्हणून मुकुट घालणं घाईचं ठरेल.

गोष्टीकडे नीट पाहा. दोन मांडण्या पडल्या आणि एक 11 वर उभी राहिली. ही 11 वाली कोणती? तिच्यात एक ग्राहक आपली अनेक वर्षं वापरलेली पिशवी उघडून दाखवते आणि कोपऱ्याची शिवण अजून घट्ट असल्याचं दिसतं. बाकी दोन गोष्टींत असं काहीच नव्हतं, फक्त प्रवास आणि आठवणी. 11 विरुद्ध 4 हा फरक एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण पुराव्याच्या निकालाशेजारी ठेवला की दिशा स्पष्ट होते: लोकांना टिकण्याची खात्री हवी आहे, मग ती चाचणीतून मिळो की माणसाच्या तोंडून. पुढच्या फेरीसाठी हा धागा 18 या आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

निर्णय पक्का करण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. एक, परत आलेल्या आणि रद्द झालेल्या ऑर्डर वजा केल्यावर चित्र तेच राहतं का. दोन, जाहिरात पाहून काही दिवसांनी खरेदी करणारे. गोष्ट कधीकधी उशिरा फळते, म्हणून चाचणी संपल्यावर आणखी एक आठवडा थांबून तिन्हींचे आकडे पुन्हा मोजा. इथे गोष्टीच्या 17 च्या 20 झाल्या तरी निकाल हलत नाही. 30 झाल्या तर विचार करावा लागेल.

या निकालाची एक सीमाही माहीत असावी. A/B test मध्ये गट यादृच्छिक पाडले जातात, पण प्रत्येक गटातल्या कोणाला जाहिरात दाखवायची हे यंत्रणाच निवडते. किंमतीची जाहिरात ती वेगळ्या स्वभावाच्या लोकांपर्यंत नेते, पुराव्याची वेगळ्या. म्हणजे तुम्ही मोजलंत ते मुद्दा आणि त्याला मिळालेले प्रेक्षक या दोन्हींचं मिळून. त्याच प्लॅटफॉर्मवर पुढे जाहिरात करायला हे पुरेसं आहे. तेवढ्यावरून वेबसाइटचा मुख्य मथळा किंवा वस्तूच्या वेष्टनावरचा मजकूर बदलायचा असेल, तर तिथे वेगळी चाचणी घ्या.

तिघेही सारखे निघाले तर

हे होतं. 22, 25, 19 असे आकडे आले आणि सगळे परवडणाऱ्या खर्चाच्या आसपास असले, तर बहुधा तुमचे मुद्दे खरे वेगळे नव्हते. तिन्ही जाहिराती शेजारी ठेवून अनोळखी माणसाला विचारा, “ही वस्तू का घ्यावी, असं यात म्हटलंय?” तिघांचं उत्तर एकच आलं तर पहिल्या पायरीवर परत जा.

तिघेही सारखेच वाईट निघाले, म्हणजे 30 घटकांत 6, 8, 5 ऑर्डर, तर अडचण जाहिरातीच्या बाहेर असण्याची शक्यता जास्त: पेज, ऑफर, चुकीचा ऑडियन्स किंवा मोजणीतला बिघाड. आधी स्वतः एक ऑर्डर देऊन ती हिशेबात नोंदली जाते का ते तपासा.

पायरी पाचवी: आता घासूनपुसून

जिंकलेल्या मुद्द्यावर लगेच मोठा खर्च करू नका. पहिल्या फेरीतल्या विजेत्याला थोडी नशिबाची साथ मिळालेली असतेच, म्हणून पुढच्या फेरीत आकडा थोडा खाली येणं स्वाभाविक आहे. पुराव्याच्या दोन नव्या मांडण्या आणि किंमतीची सर्वांत चांगली मांडणी अशी छोटी फेरी घ्या. नव्या मांडण्याही पुढे राहिल्या तर मुद्दा पक्का.

त्यानंतर पुराव्याच्या आत शिरा: टांगण्याची चाचणी, जुन्या पिशवीची गोष्ट, वॉरंटी. इथे फरक अजूनही मोठे असू शकतात, म्हणून हेच सूत्र आणि हेच बजेट चालतं. एक निवडल्यावर मग चांगला कॅमेरा, नीट प्रकाश, पहिल्या दोन सेकंदांच्या चार-पाच आवृत्त्या, संपादन, आवाज. या टप्प्यावर प्रत्येक बदलाची स्वतंत्र चाचणी घेत बसू नका. तेवढ्या ऑर्डर तुमच्याकडे नसतील. जाणत्या संपादकाच्या नजरेवर भरवसा ठेवा आणि पॉलिश केलेली जाहिरात एकदाच कच्च्या जाहिरातीसमोर उभी करा. कधीकधी कच्चीच पुढे राहते, विशेषतः पुराव्यात, कारण चकचकीत झालेला पुरावा लोकांना जाहिरातीसारखा वाटू लागतो.

हरलेल्या मुद्द्यांच्या फाइल्स आकड्यांसह जपून ठेवा. तीच जाहिरात त्याच लोकांना पुन्हापुन्हा दिसू लागली आणि एका ऑर्डरमागचा खर्च आठवड्यागणिक चढू लागला, तर नव्या मांडण्या काढा, मुद्दा तोच ठेवा. दोन-तीन नव्या मांडण्यांनीही खर्च खाली आला नाही किंवा वस्तूची किंमत, स्पर्धक, वॉरंटी यांपैकी काही बदललं, तर तिन्ही मुद्द्यांची फेरी पुन्हा पहिल्या पायरीपासून घ्या.